कणीक तुपात भाजताना नेमकं थांबायचं कुठे?

थंडी पडली की निफाडचा पारा किती घसरला ते रोज पेपरात येतं आणि त्याच आठवड्यात आमच्या नाशिकच्या घराघरांतून डिंक, खारीक, मेथी बाहेर निघते. यंदा त्यात आणखी एक भर पडली. नात्यातल्या ग्रुपवर कोणीतरी 'पाच मिनिटांत कणकेचा शिरा' असा व्हिडिओ टाकला. मोठी आच, भराभर कालथा, कणीक तांबूस, वर पाणी, झाला शिरा. वहिनीने लगेच करून पाहिला आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "अहो भाऊजी, रंग अगदी व्हिडिओसारखा आलाय. पण खाल्ला की टाळूला चिकटतोय, आणि कच्चट लागतोय. एवढा लाल होऊन कच्चा कसा राहील?"

प्रश्न रास्त आहे. रंग आला म्हणजे भाजलं गेलं, असंच आपण धरून चालतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. दिवसभर रंग बघून 'इथे थांब' ठरवणं हाच माझा धंदा. त्यामुळे वहिनीला फोनवर जे अर्धंमुर्धं सांगितलं, ते इथे नीट लिहितो. कणकेचा शिरा आणि पिन्नी, म्हणजे पंजाबी पद्धतीचा कणकेचा लाडू, हे दोन पदार्थ घेतो, कारण दोन्हींची सुरुवात एकच असली तरी थांबायची जागा वेगळी आहे. आणि ती का वेगळी आहे हे कळलं की मेथीच्या लाडवाच्या कणकेचंही आपोआप कळतं.

## लोणी कढवताना जे होतं, तेच इथे होतं

घरी लोणी कढवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सगळं निम्मं माहीतच आहे. लोणी वितळतं, मग बराच वेळ तडतड चालू राहते, फेस येतो. या काळात रंग फारसा बदलत नाही. मग आवाज हळूहळू कमी होतो, तुपाचा तळ दिसायला लागतो आणि त्यानंतर बेरी बघता बघता तांबूस होते. त्या वेळी दारावर कोणी आलं की बेरी गेलीच.

तो तडतडाट म्हणजे लोण्यातलं पाणी. पाणी शिल्लक असेपर्यंत भांड्यातली उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते, तापमान शंभर अंशांच्या आसपास घुटमळत राहतं. पाणी संपलं की उष्णतेला दुसरं काम उरत नाही. तापमान झपाट्याने वर चढतं आणि बेरी रंग धरते.

कणीक कोरडी दिसते, पण तीही कोरडी नसते. गव्हाच्या पिठात साधारण दहा-बारा टक्के ओलावा असतो. म्हणजे दोनशे ग्रॅम कणकेत चार-पाच लहान चमचे पाणी दडलेलं आहे. ते आधी निघायला हवं. त्यानंतर, साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे, पिठातली प्रथिनं आणि थोडीफार साखर यांची एकमेकांशी गाठ पडते आणि खमंग वास, तांबूस रंग तयार व्हायला लागतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला मायार अभिक्रिया म्हणतात. पोळीवरचे डाग, भाजलेल्या बेसनाचा वास, बेरीचा रंग, सगळीकडे हीच. यापुढे मी तिला नुसतं खरपूस होणं म्हणतो.

तर काम दोन टप्प्यांचं आहे: आधी ओलावा जाणं, मग खरपूस होणं. पाच मिनिटांच्या शिऱ्यात हे दोन टप्पे एकमेकांवर चढतात, आणि तिथेच सगळं बिनसतं.

## मग मोठ्या आचेवर नेमकं काय चुकतं?

भाकरी डोळ्यांपुढे आणा. तवा नको इतका तापला असला तर भाकरीला मिनिटभरात काळे डाग पडतात, आणि मोडून बघितली तर आत पीठ तसंच. पीठ उष्णता आत पोहोचवायला फार मंद असतं. कढईतल्या कणकेचंही तसंच. तुपात कालवलेली कणीक सुरुवातीला घट्ट गोळ्यासारखी असते. मोठ्या आचेवर तळाला टेकलेला थर तांबडा होतो, कालथ्याने तो वर येतो, नवा थर खाली जातो. बाहेरून सगळा गोळा तांबूस दिसायला लागतो, पण प्रत्येक छोट्या गुठळीच्या पोटात ओलावा आणि कच्चं पीठ तसंच राहतं.

वहिनीने पाहिलेला रंग म्हणजे करपायला आलेलं थोडं पीठ आणि कच्चं राहिलेलं बरंचसं पीठ, यांची सरासरी. डोळ्याला सरासरीच दिसते. जिभेला मात्र दोन्ही वेगवेगळी कळतात: कडवटपणाची बारीक झाक आणि टाळूला चिकटणारा कच्चटपणा.

मंद आच म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. गॅसच्या लहान बर्नरवर मध्यमहून कमी, कढईच्या बुडाच्या बाहेर ज्योत डोकावणार नाही इतकी. त्याहून चांगली खूण कढईत आहे. कालथा बाजूला करून तळ उघडा केला आणि दोन श्वास थांबलो तर तळाला राहिलेली पातळ फिल्म रंग बदलता कामा नये. बदलली तर आच जास्त आहे. कढई पातळ बुडाची असेल, तर खाली जुना तवा ठेवा. तवा उष्णता पसरवतो.

कढईबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगतो. नाशिकची ख्याती तांब्या-पितळेच्या भांड्यांची. पण या कामाला मला आईची जाड लोखंडी कढईच आवडते. ती सावकाश तापते आणि एकदा तापली की पटकन गार होत नाही. तिचा एक अवगुण आहे, तो पुढे येईल.

## तूप इतकं कशाला?

यशवंतराव महाराज पटांगणावरच्या किंवा कुठल्याही जत्रेतल्या भडभुंज्याला बघा. तो चणे नुसत्या कढईत भाजत नाही, तापलेल्या वाळूत भाजतो. वाळू प्रत्येक चण्याला सगळीकडून वेढते, त्यामुळे चणा एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने कच्चा राहत नाही. कणकेच्या बाबतीत तूप ही ती वाळू. पिठाचा कण इतका बारीक असतो की त्याला सगळीकडून सारखी उष्णता द्यायची तर काहीतरी पातळ पदार्थच हवा. पाणी शंभरावर थांबतं, तूप पुष्कळ पुढे जातं आणि आपल्याला लागणाऱ्या तापमानाला धूरही धरत नाही, कारण त्यातला जळणारा भाग, म्हणजे बेरी, आधीच गाळून काढलेला असतो. लोण्यात कणीक भाजायला गेलात तर बेरी आधी करपेल.

तुपाचं दुसरं काम पाणी ओतल्यावर कळतं. प्रत्येक कणाला तुपाचा लेप बसलेला असला की पाणी पडल्यावर कण एकमेकांना चिकटून गुठळी करत नाहीत, सुटे सुटे फुगतात.

गुरुद्वाऱ्यातल्या कडा प्रसादात कणीक, तूप आणि साखर तिन्ही समान वजनाने घेतात. घरी एवढं तूप घालायला हात धजावत नाही. दोनशे ग्रॅम कणकेला दीडशे ग्रॅम तूप हे माझं प्रमाण. शंभर ग्रॅमवरही जमतं, पण वेळ वाढतो आणि हात क्षणभरही थांबवता येत नाही, कारण कढईत कोरडे पट्टे राहतात. त्याहून कमी तूप घालायचं असेल तर तो शिरा करण्यापेक्षा पोळीवर गूळतूप घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

## बशीवरचे ठिपके

रंगाची मुख्य अडचण अशी की कढईत तो खरा दिसतच नाही. काळ्या लोखंडी कढईत कणीक आहे त्याहून फिकी वाटते, चकचकीत स्टीलमध्ये गडद. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली सगळंच तांबूस दिसतं. त्यात तूप चमकतं ते वेगळंच. म्हणून मी लॅबमधली सवय स्वयंपाकघरात आणली: शेजारी पांढरी बशी ठेवायची आणि दर काही मिनिटांनी कालथ्याच्या टोकाने चिमूटभर कणीक तिच्या कडेला टेकवायची. पहिला ठिपका भाजायला सुरुवात करतानाचा. शेवटी बशीवर रंगांची रांगच तयार होते आणि आपण कुठे आहोत हे आधीच्या ठिपक्याशेजारी ठेवून कळतं. नुसत्या आठवणीवर रंग कधीच ठरवू नये, आठवण फसवते.

गेल्या रविवारी केलेल्या शिऱ्याची बशी सांगतो. कणीक दोनशे ग्रॅम, गिरणीतून आठवड्याच्या आत आणलेली, नेहमीच्या पोळीच्या दळणाची, न चाळलेली. तूप दीडशे ग्रॅम. लोखंडी कढई, लहान बर्नर, घड्याळ समोर.

तूप वितळलं की लगेच कणीक घातली. तूप कडकडीत तापवून घालायची गरज नाही, उलट त्याने पहिल्याच मिनिटाला गुठळ्या भाजल्या जातात. सुरुवातीला मऊसर गोळा झाला, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. हा पहिला ठिपका. या वेळी कालथ्याच्या पाठीने गुठळ्या दाबून मोडायच्या. नंतर त्या मोडत नाहीत.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि वास आला तो ओल्या कणकेचा, पोळ्या लाटताना येतो तसा. दुसरा ठिपका पहिल्यासारखाच. आठव्या मिनिटाला वास बदलला, तव्यावरच्या पोळीसारखा झाला. तिसरा ठिपका? जवळजवळ तोच रंग. नवखा माणूस इथेच वैतागतो आणि आच वाढवतो. वाढवू नका. लोण्याची तडतड अजून चालू आहे, एवढंच समजा.

बाराव्या मिनिटाच्या सुमाराला हाताला फरक जाणवला. तोवर कालथा ओढायला जड जात होता, तो एकदम हलका झाला. घट्ट गोळा सैल होऊन ओघळायला लागला, कडेने तूप सुटलं. कितीतरी जणींना वाटतं, आता तूप जास्त झालं. तूप तेवढंच आहे. गोदाकाठच्या वाळूचा खोपा आठवा: ओली वाळू मुठीत धरून राहते, सुकली की बोटांमधून निसटते. कणांमध्ये जरासं पाणी असलं की ते कणांना एकमेकांशी बांधून ठेवतं. ते पाणी गेलं, बांधणी सुटली, पीठ वाहायला लागलं. बेसनाचे लाडू करताना 'बेसन हलकं झालं' म्हणतात ते हेच. माझ्या मते सगळ्या भाजणीतली सर्वात भरवशाची खूण हीच आहे, रंगाहूनही. हलकं व्हायच्या आधी रंग आला, तर तो रंग खोटा.

वहिनीच्या कढईत नेमकं हेच राहिलं होतं. मी फोनवर विचारलं, "कालथा हलका झाला होता का?" तर म्हणाली, "नाही हो, शेवटपर्यंत गोळाच होता."

इथून पुढे मात्र घाई सुरू होते. पंधराव्या मिनिटाला चौथा ठिपका ग्लुकोजच्या बिस्किटाचा होता. सतराव्याला पाचवा, खारकेच्या उजळ बाजूसारखा. विसाव्याला सहावा, बदामाच्या सालीहून एकच छटा फिका. म्हणजे पहिल्या बारा मिनिटांत रंग जागचा हलला नाही आणि पुढच्या आठ मिनिटांत तीन पायऱ्या उतरला. ही आठ मिनिटं फोन उचलायचा नाही, दार उघडायचं नाही.

हलवण्याबद्दल थोडकं: पहिल्या दहा मिनिटांत मधून मधून हात थांबला तर बिघडत नाही. हलकं झाल्यानंतर अजिबात थांबायचं नाही. गोल डावाने नुसतं ढवळू नका, तो तळावरून घसरत जातो. सपाट टोकाचा कालथा तळ खरवडत पुढे न्यायचा आणि कढईच्या बुडाची कड जिथे वर वळते, तिथून फिरवायचा. करपण्याची सुरुवात नेहमी त्या वळणावर होते. काळा कण दिसला तर तो कोंडा आहे की करपलेलं पीठ, हे बशीवर बघा. न चाळलेल्या कणकेत कोंड्याचे तपकिरी ठिपके असणारच, त्यांना घाबरू नका. कोंडा बाकीच्या पिठाआधी गडद होतो, म्हणून रंग ठरवताना ठिपक्यांकडे न बघता त्यांच्यामधल्या जागेकडे बघायचं.

## शिऱ्याला विसावं मिनिट, मग पिन्नीला का नाही?

पिन्नी मला शिकवली देवळाली कॅम्पमधल्या आमच्या जुन्या शेजारीण आंटींनी. पंजाबात हिवाळ्यात घरोघरी होते: तुपात भाजलेली कणीक, तळलेला डिंक, बदाम, बुरा साखर, आणि मुठीत दाबून वळलेले लाडू. त्यांनी प्रमाण सांगितलं, वेळ सांगितला आणि एक वाक्य सांगितलं, "बेटा, हलवा पानी से रुकता है, पिन्नी अपने आप नहीं रुकती." मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकी तीच चूक केली.

अर्धा किलो कणीक होती. पस्तीस-चाळीस मिनिटं खपून शिऱ्याचा तो सुंदर बदामी रंग आणला, गॅस बंद केला आणि कुरिअरवाला आला म्हणून खाली गेलो. परत आलो तेव्हा कढईतून धूर नव्हता, करपल्याचा वासही नव्हता. पण रंग कॉफीच्या पुडीकडे झुकला होता आणि चव कडू. गॅस बंद होता, पण जाड लोखंडी कढई अजून तापलेलीच होती आणि तुपानेही उष्णता धरून ठेवली होती. आत भाजणं चालूच राहिलं. आधी म्हटलेला कढईचा अवगुण तो हाच.

शिऱ्यात असं होत नाही, कारण वर पाणी पडतं. पाणी पडल्याक्षणी तापमान शंभरावर येतं आणि खरपूस होणं जागच्या जागी थांबतं. शिऱ्याला स्वतःचा ब्रेक आहे, त्यामुळे अगदी हव्या त्या रंगापर्यंत बिनधास्त जाता येतं. पिन्नीत पाण्याचा थेंबही नाही, म्हणूनच ती टिकते आणि म्हणूनच ती थांबत नाही. लॅबमध्ये थेंब थेंब द्रव सोडून रंग पलटायची वाट बघतो तेव्हा शेवटचा थेंब अर्धा सोडतात, कारण नळीतला पुढचा थेंब येतच असतो. पिन्नीचंही तसंच धरायचं.

म्हणून पिन्नीसाठी, आणि पाणी न पडणाऱ्या कुठल्याही लाडवासाठी, पाचव्या ठिपक्यावर, म्हणजे खारकेच्या उजळ रंगावर गॅस बंद करा. त्याच क्षणी कणीक थंड परातीत काढा आणि दोन-तीन मिनिटं पसरवून हलवत राहा. उरलेली एक छटा परातीत चढते. परात नसेल आणि कढईतच ठेवायची असेल, तर आणखी एक पायरी आधी, बिस्किटाच्या रंगावरच बंद करा आणि कालथा चालू ठेवा. मेथीच्या लाडवासाठी भाजलेल्या कणकेलाही हाच नियम.

साखर कधी? कणीक हाताला कोमट लागली की. गरम पिठात बुरा साखर किंवा पिठीसाखर घातली तर मिश्रण आधी पातळ होतं आणि गार झाल्यावर पिन्नी दगडासारखी होते. अगदी गार पिठात घातली तर तूप थिजायला लागलेलं असतं आणि लाडू वळत नाही, भुगा होतो. अर्धा किलो कणकेला साडेतीनशे ग्रॅम तूप आणि तीनशे ग्रॅम बुरा साखर, पन्नास ग्रॅम डिंक, मूठ-दोन मुठी बदाम, एवढं माझं.

## शिऱ्यात पाणी घालताना

दोनशे ग्रॅम कणकेला सहाशे मिलिलिटर पाणी, दुसऱ्या गॅसवर उकळतं ठेवलेलं. थंड पाणी घातलं तर कणीक एकदम गार पडते आणि फुगायला वेळ लागतो. उकळतं घातलं तरी फसफस होते, कारण शंभरच्या पुष्कळ वर तापलेल्या तुपात पाणी पडून त्याची क्षणात वाफ होते. गॅस अगदी बारीक करा, हात लांब ठेवा आणि पाणी तीन वेळा मिळून घाला. पहिल्या वेळी सर्वात जास्त उडतं.

रंग इथे एक छटा गडद दिसतो. ते भाजणं नव्हे, ओली माती कोरडीपेक्षा काळी दिसते तसंच. साखर, दीडशे ग्रॅम, मी पाणी आटून कणीक फुगल्यावर घालतो. साखर स्वतःच पाणी धरून ठेवते, ती आधी पडली तर पिठाला फुगायला तेवढं कमी मिळतं. रव्याच्या शिऱ्यात आपण हेच करतो.

एक मजेची गोष्ट: जितकं जास्त भाजाल तितका शिरा कमी दाट होतो. कोरड्या उष्णतेने पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात आणि आखूड साखळ्या पाणी धरायला कमी पडतात. म्हणून फिका शिरा खळीसारखा चिकट लागतो आणि बदामी शिरा कालथ्यावरून घसरतो. टाळूला चिकटण्याचं अर्धं कारण हे, अर्धं गुठळ्यांच्या पोटातलं कच्चं पीठ. आणि पाणी पडल्यावर कच्चेपणा दुरुस्त होत नाही. पिन्नीची कणीक कच्ची वाटली तर पुन्हा कढईत घालता येते. शिऱ्याला ती संधी एकदाच.

## 'आमची आजी डोळ्यांनीच ओळखायची'

ओळखायची, यात शंका नाही. पण ती एकाच चुलीवर, एकाच कढईत, त्याच खिडकीच्या उजेडात तीस वर्षं भाजत होती. तिची बशी डोक्यात होती. शिवाय ती नुसती बघत नव्हती, वास घेत होती आणि कालथ्याचं वजन हाताला मोजत होती. आपण घर बदलतो, गॅस बदलतो, कढई बदलतो. दोन-तीन वेळा ठिपके काढले की तुम्हालाही बशी लागणार नाही.

## 'रव्यासारखं दहा मिनिटांत का नाही होत?'

रवा म्हणजे गव्हाच्या आतल्या पांढऱ्या भागाचे जाड दाणे. ते तुपात पहिल्यापासून सुटेच असतात, गोळा होत नाहीत, त्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट मोकळी असते. कणीक बारीक, कोंडा आणि अंकुरासकट, आणि तुपात पडताच चिखल होणारी. हाच धागा उलटा पकडला तर एक युक्ती सापडते: गिरणीत 'लाडवाचं जाडसर' सांगून दळण आणलं तर कणीक लवकर सुटी होते, गुठळ्या कमी होतात आणि पिन्नी दाताखाली रवाळ लागते.

अंकुराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्यात तेल असतं आणि दळण जुनं झालं की ते खवट होतं. खवट वास भाजून जाईल असं वाटतं, तो जात नाही. तुपात तो उलट जास्त उठून येतो. डब्यात नाक घालून मगच कणीक मोजा.

## 'लाल भाजलेलं आरोग्याला वाईट असतं म्हणे'

यात तथ्य आहे, पण बेताचं. 2002 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिठाळ पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं एक द्रव्य तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मोठ्या मात्रेत घातक ठरलं. जेवणातून जाणाऱ्या मात्रेत माणसांना कर्करोग होतो, असा पक्का पुरावा मात्र नाही. रंग जितका गडद तितकं ते जास्त, एवढं ठरलेलं. बदामी रंगाच्या आत थांबणं चवीसाठीही बरं आणि यासाठीही. कॉफीच्या रंगाची कणीक टाकून द्यायला मी कचरत नाही. साखर वाढवून कडवटपणा झाकता येतो असं कोणी सांगेल. मी ते करून बसलोय, झाकत नाही.

## दुसऱ्या दिवशी सकाळी

पिन्नी वळून डब्यात ठेवली, रात्री पारा उतरला आणि सकाळी झाकण उघडल्यावर पोटात गोळा येतो: रंग कालच्यापेक्षा फिका! कच्ची राहिली की काय? वहिनीने गेल्या आठवड्यात पिन्नी केली तेव्हा सकाळी सात वाजता तिने मला फोटोच पाठवला. काल तूप पातळ होतं, त्यामुळे त्यातून पिठाचा रंग आरपार दिसत होता. रात्रीत ते थिजलं, पांढुरकं झालं आणि रंगावर दुधाळ पडदा आला. बशीवरचे ठिपकेही सकाळी असेच फिके पडलेले असतात. एक पिन्नी तळहातावर मिनिटभर धरली की कालचा रंग परत येतो. तिने धरली, आणि पुढचा मेसेज आला तो रिकाम्या तळहाताच्या फोटोचा.